छापल्यावर वाचता येईल असा प्रोजेक्टचा गँट चार्ट : कागदावरच्या यादीपासून बाइंडिंगपर्यंत

कॉलेजच्या प्रोजेक्ट अहवालात वेळापत्रकाचं पान, म्हणजे प्रत्येक काम आडव्या पट्टीने दाखवणारा गँट चार्ट, असतंच, आणि दर वर्षी त्याच तीन चुका डोळ्यांसमोर येतात. पट्ट्या स्क्रीनवर रंगीत आणि सुरेख दिसतात, पण काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये सगळ्या एकाच करड्या रंगाच्या होतात. पान ‘फिट’ करून छापल्यामुळे कामांची नावं भिंग लावून वाचावी लागतात. आणि चार्टचा वरचा भाग बाइंडिंगमध्ये जातो, म्हणजे शीर्षक आणि तारखाच दिसत नाहीत. या तिन्ही चुका छपाईच्या दिवशी सुधारता येत नाहीत, कारण त्यांचं मूळ पहिल्या अर्ध्या तासात असतं. म्हणून इथे पायऱ्यांचा क्रम मुद्दाम वेगळा ठेवला आहे: आधी कामांची यादी, मग कागदाचं माप, मग शीट आणि सर्वांत शेवटी पट्ट्या.

उदाहरण पुण्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या चौघांच्या टीमचं घेऊ. प्रोजेक्ट आहे मातीतला ओलावा मोजून ठिबकचा पंप चालू-बंद करणारा कंट्रोलर. सुरुवात सोमवार, १३ जुलै २०२६ रोजी आणि अहवाल सादर करायचा शुक्रवार, ३० ऑक्टोबरला. म्हणजे एकूण सोळा आठवडे. चार्ट एक्सेलमध्ये करायचा आहे. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्येही बहुतांशी हीच पद्धत चालते, मेन्यूंची नावं मात्र वेगळी आहेत.

## टप्पा १ : संगणक बंद ठेवून यादी करा

चौघांनी एका टेबलावर बसून कोऱ्या कागदावर चार रकाने आखावेत: काम, ते संपल्यावर हातात काय येतं, ते कशानंतर सुरू होऊ शकतं, आणि किती दिवस लागतील. दुसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ‘अभ्यास’ किंवा ‘संशोधन’ असं लिहिलं, तर ते काम कधी संपलं हे कोणालाच सांगता येत नाही आणि त्याची पट्टी सोळा आठवडे लोळत राहते. ‘सेन्सर आणि पंपाची निवड’ असं लिहिलं, तर शेवटी हातात दोन वस्तूंची नावं येतात आणि काम संपल्याचं सगळ्यांना कळतं.

तीन आठवड्यांपेक्षा लांब काम दिसलं की ते फोडा. दोन-तीन दिवसांचं काम शेजारच्या कामात मिसळा, कारण आठवड्यांच्या चार्टमध्ये त्याची वेगळी पट्टी काही सांगत नाही. आपल्या उदाहरणात अशी अकरा कामं निघाली.

माइलस्टोन म्हणजे काम नव्हे, तर एखादी गोष्ट झाली की नाही याचं उत्तर एका दिवशी मिळावं असा ठरलेला क्षण. गाइडने प्रस्ताव मंजूर केला, पीसीबीची ऑर्डर गेली, आढावा झाला, अहवाल दिला. ‘कोडिंग ५० टक्के’ हा माइलस्टोन होत नाही, कारण पन्नास टक्के कोणी ठरवायचे? आपल्याकडे पाच माइलस्टोन आहेत. अकरा आणि पाच मिळून सोळा ओळी झाल्या. हा आकडा लक्षात ठेवा, तो लवकरच लागणार आहे.

> तपासणी: प्रत्येक कामासमोर एकाच व्यक्तीचं आद्याक्षर आहे का? मदत कितीही जणांनी करावी, पण ‘सर्व’ लिहिलेलं काम शेवटी कोणाचंच राहत नाही.

## टप्पा २ : ज्या आठवड्यांत काम होणार नाही ते आधी भरा

बहुतेक टीम पहिल्या कामापासून तारखा लिहीत पुढे जातात आणि सुट्ट्या शेवटी आठवतात. उलट करा. आधी न हलणाऱ्या तारखा कॅलेंडरवर टाका. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला. दसरा २० ऑक्टोबरला. अंतर्गत परीक्षेच्या तारखा आपल्या कॉलेजच्या नोटिशीतून घ्या. उदाहरणासाठी २४ ते २९ ऑगस्ट धरू.

या टीमच्या पहिल्या मसुद्यात पीसीबीचा आराखडा ७ ते १२ सप्टेंबरला होता, बोर्ड तयार होऊन येण्यासाठी १४ ते २५ सप्टेंबर ठेवले होते, आणि सुटे भाग आणून सोल्डरिंगही त्याच सुमारास करायचं होतं. वहीवर हे व्यवस्थित दिसत होतं. पण ते दोन आठवडे म्हणजे अख्खा गणेशोत्सव. सुटे भाग आणायचे तपकीर गल्लीतून, आणि ती गल्ली बुधवार पेठेत आहे. उत्सवात त्या भागातले रस्ते संध्याकाळी वाहनांना बंद होतात, पायी जायचं तरी गर्दीतून वाट काढावी लागते, आणि विसर्जनाच्या दिवशी तर खरेदीचा विचारही करू नये. शिवाय टीममधले दोघं गावी जाणार आणि एक जण ढोलपथकात.

यातून मार्ग असा निघाला: ज्या कामात आपण नुसती वाट पाहतो, ते काम आपण तसेही रिकामे नसू अशा आठवड्यात टाकायचं. पीसीबीवाल्याने दहा दिवस सांगितले होते. आराखडा २१ ऑगस्टला पूर्ण करून त्याच दिवशी ऑर्डर दिली, तर परीक्षेच्या आठवड्यात टीम पेपर लिहील आणि बोर्ड तिकडे तयार होत राहील. ३१ ऑगस्टला दहा दिवस पुरे होतात. उशीर धरून आपण ५ सप्टेंबरपर्यंत जागा ठेवू. मग सुटे भाग ३१ ऑगस्ट ते ५ सप्टेंबरमध्ये, म्हणजे गणपती बसायच्या आधी, आणि सोल्डरिंग ७ ते १२ सप्टेंबरला. उत्सवाच्या दोन आठवड्यांत एकही पट्टी नाही. त्या रिकाम्या जागेची लाज वाटू देऊ नका. तिथे ओढूनताणून पट्टी दाखवली, तर ती खोटी ठरेल आणि तिच्या मागची प्रत्येक तारीख घसरेल.

शेवटी ठरलेल्या तारखा अशा:

| काम | कोण | सुरुवात | शेवट |
|---|---|---|---|
| प्रस्ताव तयार करणे | म | १३ जुलै | २४ जुलै |
| ◆ प्रस्ताव मंजूर | | | २४ जुलै |
| सेन्सर आणि पंपाची निवड | र | २० जुलै | ३१ जुलै |
| ब्रेडबोर्डवर सर्किट चाचणी | स | ३ ऑगस्ट | १४ ऑगस्ट |
| पीसीबीचा आराखडा | स | १० ऑगस्ट | २१ ऑगस्ट |
| ◆ पीसीबीची ऑर्डर | | | २१ ऑगस्ट |
| पीसीबी येणे | वाट | २४ ऑगस्ट | ५ सप्टेंबर |
| सुटे भाग खरेदी | प | ३१ ऑगस्ट | ५ सप्टेंबर |
| कंट्रोलरचा कोड | र | ३१ ऑगस्ट | १२ सप्टेंबर |
| सोल्डरिंग आणि तपासणी | स | ७ सप्टेंबर | १२ सप्टेंबर |
| ◆ पहिला आढावा | | | ११ सप्टेंबर |
| बागेत चाचणी | प | २८ सप्टेंबर | १६ ऑक्टोबर |
| ◆ दुसरा आढावा | | | १६ ऑक्टोबर |
| अहवाल लेखन | म | ५ ऑक्टोबर | २४ ऑक्टोबर |
| छपाई आणि बाइंडिंग | प | २६ ऑक्टोबर | २९ ऑक्टोबर |
| ◆ अहवाल सादर | | | ३० ऑक्टोबर |

कामांच्या तारखा सोमवारी सुरू होऊन शुक्रवारी किंवा शनिवारी संपतात. फक्त छपाई गुरुवारी संपते, कारण दुसऱ्या दिवशी अहवाल द्यायचा आहे. सोमवारचा आग्रह कशासाठी? आपल्या चार्टमध्ये एक रकाना म्हणजे एक आठवडा. काम शनिवारी, २२ ऑगस्टला सुरू होतं असं लिहिलं, तर त्या एका दिवसासाठी १७ ऑगस्टचा अख्खा रकाना रंगेल आणि दोन आठवड्यांचं काम तीन आठवड्यांचं दिसेल. माइलस्टोनला मात्र खरी तारीखच द्या.

## टप्पा ३ : कागद मोजा

अहवाल उभ्या ए४ पानांचा असतो आणि त्याचं बाइंडिंग डाव्या बाजूला असतं. आपला चार्ट आडवा आहे. आडवं पान अहवालात लावताना त्याची वरची कड बाइंडिंगकडे जाते. अहवाल उजवीकडे फिरवला की चार्ट सरळ वाचता येतो. म्हणून बाइंडिंगसाठी जागा सोडायची ती चार्टच्या डावीकडे नव्हे, तर वर. इतर पानांना डावीकडे ३५ मिलिमीटर समास असेल, तर या पानाला वर ३५. हे उलटं केलं, तर शीर्षक आणि तारखांची ओळ शिवणीत जाते आणि डावीकडे उगाच कोरी पट्टी राहते.

आता गणित करू. आडव्या ए४ची रुंदी २९७ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना १५ सोडले की २६७ उरतात. त्यात अनुक्रमांकाला ८, कामाच्या नावाला ६८, ‘कोण’ला २२, दोन तारखांना प्रत्येकी १६ दिले की १३० झाले. राहिलेल्या १३७ मध्ये सोळा आठवडे बसवायचे, म्हणजे प्रत्येकी साडेआठ मिलिमीटर. एकूण २६६ होतात आणि एक मिलिमीटर हाताशी राहतो.

उंची २१०. वर ३५ आणि खाली १५ सोडले की १६०. शीर्षकाला १०, त्याखालच्या ओळीला ७, महिन्यांना ६ आणि तारखांना ६, म्हणजे २९. सोळा ओळी प्रत्येकी ७ मिलिमीटरच्या धरल्या तर ११२. खुणांच्या ओळीला ८. बेरीज १४९, म्हणजे ११ मिलिमीटर शिल्लक. सात मिलिमीटरच्या ओळीत ९ पॉइंटचं देवनागरी अक्षर वेलांटी-उकारांसह मोकळं बसतं. ओळी पंचवीस झाल्या, तर अक्षर लहान करू नका. छोटी कामं एकत्र करा किंवा चार्ट सत्रानुसार दोन पानांवर घ्या.

## टप्पा ४ : शीटची मांडणी

नव्या शीटमध्ये `Page Layout → Orientation → Landscape` आणि `Size → A4` आधीच निवडा. `Margins → Custom Margins` मध्ये वर ३.५ सेंटीमीटर आणि बाकी तिन्हीकडे १.५ भरा. मग `View → Page Layout` मध्ये जा. साध्या दृश्यात एक्सेल रकान्याची रुंदी अक्षरांच्या हिशेबात सांगतं, पण या दृश्यात ती सेंटीमीटर किंवा इंचात भरता येते. वर काढलेली मापं इथे तशीच टाका. कॅल्कमध्ये रकान्याची रुंदी थेट सेंटीमीटरमध्येच विचारली जाते.

रचना अशी ठेवा. पहिल्या ओळीत प्रोजेक्टचं नाव. दुसऱ्या ओळीत टीम, गाइड आणि ‘आवृत्ती १, १० जुलै २०२६’ असा शेरा. हा शेरा विसरू नका, कारण महिन्याभराने चौघांकडे चार वेगवेगळे प्रिंट असतात आणि नवा कोणता हे कोणालाच माहीत नसतं. तिसरी ओळ महिन्यांची, चौथी तारखांची आणि पाचवीपासून विसावीपर्यंत आपल्या सोळा ओळी. `A` ते `E` मध्ये अनुक्रमांक, काम, कोण, सुरुवात, शेवट. `F` ते `U` म्हणजे सोळा आठवडे.

`F4` मध्ये पहिल्या सोमवारची तारीख लिहा: `13-Jul-2026`. `G4` मध्ये पुढचं सूत्र देऊन ते `U4` पर्यंत ओढा:

```
=F4+7
```

`U4` मध्ये २६ ऑक्टोबर आलं पाहिजे. आलं नाही, तर रकाने मोजण्यात चूक आहे. या ओळीचा फॉरमॅट `dd` ठेवा, म्हणजे साडेआठ मिलिमीटरमध्ये नुसता दिवसाचा आकडा मावेल. महिन्यांची नावं तिसऱ्या ओळीत `F3`, `I3`, `N3` आणि `R3` मध्ये लिहा: जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. `Merge` करू नका. शेजारचे कप्पे रिकामे असल्याने नाव आपोआप उजवीकडे पसरतं, आणि मर्ज केलेल्या कप्प्यांमुळे पुढे रकाने हलवताना अडचण होते.

`D` आणि `E` मध्ये तारखा भरा. माइलस्टोनच्या ओळीत `D` रिकामा ठेवायचा आणि फक्त `E` भरायचा. काम आणि माइलस्टोन यांतला फरक शीटला याच एका खुणेवरून कळणार आहे.

> सावध: तारीख `03/08/2026` अशी लिहू नका. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ती ८ मार्च होते, आणि `14/08/2026` तर तारीखच न राहता नुसता मजकूर होतो. लॅबमधल्या संगणकांवर हे फार वेळा होतं. `3-Aug-2026` असं लिहिलं की घोटाळ्याला जागा राहत नाही.

तारखा खऱ्या आहेत का, हे पाहायला `D` आणि `E` रकान्यांची डावी-मधली-उजवी जुळवणी काढून टाका. खरी तारीख उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे चिकटतो. एखाद्या कप्प्याबद्दल शंका असेल तर बाजूच्या रिकाम्या कप्प्यात `=ISNUMBER(E8)` लिहून पाहा. `FALSE` आलं तर तारीख पुन्हा टाइप करा.

## टप्पा ५ : पट्ट्या

पट्ट्या हाताने रंगवणारे खूप आहेत. पहिल्या आवृत्तीला ते सोपं जातं. पण गाइडने एक तारीख बदलली की तारीख एक सांगते आणि पट्टी दुसरंच. म्हणून रंग सूत्रावर सोडायचा.

हाताने रंगवायचे ते फक्त बंद आठवडे. `L5:L20` म्हणजे परीक्षा, आणि `O5:P20` म्हणजे गणेशोत्सव. यांना अगदी फिकट करडा रंग द्या.

आता `F5` वर क्लिक करून तिथून `U20` पर्यंत ओढत निवड करा. मग `Home → Conditional Formatting → New Rule → Use a formula to determine which cells to format` इथे हे सूत्र द्या:

```
=AND($D5<>"",$D5<=F$4+6,$E5>=F$4)
```

मराठीत याचा अर्थ: सुरुवातीची तारीख भरलेली असेल, काम या आठवड्याच्या रविवारपर्यंत सुरू झालेलं असेल आणि या आठवड्याच्या सोमवारआधी संपलेलं नसेल, तर कप्पा रंगव. `Format → Fill` मध्ये गडद करडा रंग निवडा. कॅल्कमध्ये हेच `Format → Conditional → Condition` मध्ये `Formula is` निवडून करता येतं. तिथे स्वल्पविराम चालला नाही, तर त्याच्या जागी अर्धविराम द्या.

सगळा खेळ डॉलरच्या जागेवर आहे. `$D5` मध्ये डॉलर रकान्याला आहे, म्हणून उजवीकडे गेलं तरी तारीख `D` मधूनच घेतली जाते आणि खाली गेलं की ओळ बदलते. `F$4` मध्ये डॉलर ओळीला आहे, म्हणून खाली गेलं तरी आठवडा चौथ्या ओळीतूनच येतो. `$D$5` आणि `$E$5` लिहिलं, तर सोळाही ओळींत पहिल्याच कामाची पट्टी उमटते. ही खूण दिसली की कारण शोधत बसायला नको.

दुसरी नेहमीची चूक निवडीच्या दिशेची. खालून वर, `U20` पासून `F5` कडे ओढलं, तर `F5` साठी लिहिलेलं सूत्र `U20` साठी आहे असं एक्सेल समजतं आणि पट्ट्या भलतीकडे जातात. नियम लिहिण्याआधी डाव्या कोपऱ्यातल्या चौकटीत `F5` दिसत आहे ना, ते पाहा.

पीसीबी येण्याची वाट पाहणं हे आपलं काम नाही, हे प्रिंटवर दिसायला हवं. त्यासाठी तीच निवड ठेवून आणखी एक नियम:

```
=AND($C5="वाट",$D5<>"",$D5<=F$4+6,$E5>=F$4)
```

याला रंगाऐवजी तिरप्या रेघा द्या. त्या एक्सेलमध्ये `Fill` मधल्याच `Pattern Style` मध्ये मिळतात. कॅल्कमध्ये कप्प्याला अशा रेघा देता येत नाहीत, तिथे वेगळा ओळखू येईल असा करडा रंग द्या. हा नियम यादीत वर असला पाहिजे, कारण दोन्ही नियम लागू होतात तिथे वरचा चालतो. एक्सेलमध्ये नवा नियम आपोआप वर येतो. कॅल्कमध्ये क्रम स्वतः पाहून घ्या.

माणसागणिक रंग देऊ नका. चार रंगांचे चार करडे होतात आणि त्यांतला फरक झेरॉक्सवर टिकत नाही. काम कोणाचं आहे ते ‘कोण’ रकाना सांगतोच.

> तपासणी: ‘पीसीबी येणे’ या ओळीत दोनच कप्पे रेघांचे दिसले पाहिजेत, `L` आणि `M`. ‘बागेत चाचणी’ला तीन, `Q` ते `S`. एखादी पट्टी अजिबात दिसत नसेल, तर तिची सुरुवातीची तारीख मजकूर झाली आहे. एखादी पट्टी थेट चार्टच्या उजव्या कडेपर्यंत पळाली असेल, तर शेवटची तारीख मजकूर झाली आहे, कारण एक्सेल तुलनेत मजकुराला कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा मानतं.

## टप्पा ६ : माइलस्टोनचे हिरे

हिऱ्याच्या आकाराचं चित्र `Insert → Shapes` मधून आणून ठेवू नका. ओळ सरकली की चित्र मागे राहतं. त्याऐवजी `F5:U20` निवडून हे सूत्र लिहा आणि `Ctrl+Enter` दाबा, म्हणजे ते सगळ्या कप्प्यांत एकदम जाईल:

```
=IF(AND($D5="",$E5>=F$4,$E5<=F$4+6),"◆","")
```

कप्पे मध्यावर जुळवा आणि अक्षराचा आकार ११ पॉइंट ठेवा. पाच माइलस्टोन, म्हणून पूर्ण चार्टमध्ये पाचच हिरे दिसले पाहिजेत. मोजा. कमी भरले, तर कुठल्यातरी माइलस्टोनच्या `D` मध्ये स्पेस पडलेली असेल. ती डोळ्यांना दिसत नाही, पण शीटसाठी कप्पा भरलेला असतो. तो कप्पा निवडून `Delete` दाबा.

माइलस्टोनच्या ओळीचं नाव ठळक करा. हिऱ्याशेजारी तारीख लिहायचा मोह आवरा, साडेआठ मिलिमीटरमध्ये ती मावत नाही आणि `E` रकान्यात ती आधीच आहे. एकविसाव्या ओळीत खुणा समजावून द्या: गडद म्हणजे काम, रेघा म्हणजे वाट, फिकट म्हणजे बंद आठवडा, ◆ म्हणजे माइलस्टोन. ओळींना बारीक आडव्या रेघा पुरतात. प्रत्येक कप्प्याला चारही बाजूंनी जाड चौकट दिली, तर पट्टी सलग दिसत नाही, विटांसारखी दिसते.

> सावध: नंतर एखादं काम वाढलं, तर दुसऱ्या ओळीची नक्कल करून चिकटवू नका. मधल्या ओळीवर उजवं क्लिक करून `Insert` करा आणि हिऱ्याचं सूत्र त्या ओळीत वरून ओढा. नक्कल करून चिकटवल्याने रंगांच्या नियमाचे तुकडे पडतात. `Conditional Formatting → Manage Rules` मध्ये दोनच नियम आणि दोन्हींसमोर एकच सलग पट्टा दिसला पाहिजे. पाच-सहा दिसले, तर सगळे पुसून दोन नव्याने लिहिलेले बरे.

## टप्पा ७ : पान छपाईला तयार करणे

`A1:U21` निवडून `Page Layout → Print Area → Set Print Area`. तपासणीसाठी बाजूला लिहिलेली `ISNUMBER` ची सूत्रं यामुळे छापली जात नाहीत.

`Page Setup` मध्ये `Fit to 1 page` वापरू नका. मापं आधीच कागदावर बसवली आहेत, म्हणून `Adjust to 100%` ठेवा. `Fit` नेमकं किती आक्रसतं हे तुमच्या लक्षात येत नाही; ते जर ६० टक्क्यांवर गेलं, तर तुमचं ९ पॉइंटचं अक्षर साडेपाचच्या आसपास येतं आणि बाह्य परीक्षक डोळे बारीक करून बसतात. १०० टक्क्यांवर एखादा रकाना दुसऱ्या पानावर गेला, तर ‘काम’ रकाना दोन-तीन मिलिमीटरने कमी करा.

`Sheet` टॅबमधला `Black and white` हा चौकोन रिकामा ठेवा. नाव वाचून काळ्या-पांढऱ्या छपाईसाठी तोच हवा असं वाटतं, पण त्याने कप्प्यांचे भरलेले रंग छापलेच जात नाहीत आणि पट्ट्या गायब होतात. काळी-पांढरी प्रत हवी असेल तर ते प्रिंटरच्या सेटिंगमध्ये निवडा.

मग `File → Export → Create PDF/XPS`. दुकानात एक्सेलची फाइल नेऊ नका. तिथल्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला, तर दुसरा फॉन्ट लागतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि तारखांच्या जागी `####` येतं. देवनागरी लिहिलं असेल, तर ते युनिकोड फॉन्टमध्येच असू द्या, आणि पीडीएफ उघडून जोडाक्षरं एकदा वाचून घ्या.

## टप्पा ८ : एक प्रत काढून मोजा

अख्खा अहवाल छापायला देण्याआधी हे एकच पान काळं-पांढरं काढा. पीडीएफ छापताना दुकानदाराला `Actual size` निवडायला सांगा. तिथे `Fit` राहिलं, तर वरची सगळी मोजणी वाया जाते.

घरी आणून फूटपट्टी लावा. सोळा आठवड्यांची एकूण रुंदी १३६ मिलिमीटर भरली पाहिजे. १३० भरली, तर पान कुठेतरी आक्रसलं आहे. वर ३५ मिलिमीटर कोरे आहेत का ते पाहा. मग पान हातभर दूर धरून बघा: गडद पट्टी, रेघांची पट्टी आणि फिकट बंद आठवडा हे तिन्ही वेगळे ओळखू येतात का? फिकट आणि गडद जवळजवळ एकच वाटत असतील, तर फिकट आणखी फिकट करा. गडद काळा करू नका. काळ्यावर पेनची खूण दिसत नाही, आणि ती आपल्याला करायची आहे.

लॅबच्या भिंतीसाठी याच पानाची ए३वर १४१ टक्के मोठी झेरॉक्स काढा. नऊ पॉइंटचं अक्षर तेरा पॉइंटच्या जवळ जातं आणि उभ्या उभ्या वाचता येतं. दर सोमवारी त्या प्रतीवर चालू आठवड्याच्या रकान्यात लाल पेनने उभी रेघ मारायची आणि संपलेल्या पट्टीवर आडवी. लाल रेघेच्या डावीकडे आडवी रेघ नसलेली पट्टी राहिली, तर ते काम मागे पडलं आहे.

तारखा बदलल्या, तर जुनं शीट पुसू नका. खालच्या टॅबवर उजवं क्लिक करून `Move or Copy → Create a copy` करा आणि बदल नव्या प्रतीत करून आवृत्तीचा शेरा बदला. आढाव्यात ‘मूळ योजना काय होती’ असं विचारलं जातंच, आणि तेव्हा दोन्ही प्रिंट शेजारी ठेवता आले पाहिजेत.

बाइंडिंगला देताना आडवं पान कुठल्या बाजूने जाणार हे दुकानदारावर सोडू नका. पानाच्या मागे, वरच्या कडेला पेन्सिलने ‘शिवण इकडे’ असं लिहा, गठ्ठ्यात ते पान स्वतःच्या हाताने लावा, आणि शिवायच्या आधी अहवाल उजवीकडे फिरवून शीर्षक सरळ वाचता येतं का ते दुकानात उभं राहून पाहा.